तासानंतरचा प्रश्न

१९६१-६२ या शैक्षणिक वर्षात केंब्रिज विद्यापीठात एक पाहुणे प्राध्यापक आले होते. नाव फिलिप अँडरसन. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणारे, वय अडतीसच्या आसपास, आणि घन पदार्थांच्या भौतिकशास्त्रात तोवर चांगलंच नाव झालेलं. वर्षभराच्या मुक्कामात त्यांनी संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यानमाला घेतली. त्या वर्गात ब्रायन जोसेफसन नावाचा एक विद्यार्थी बसत असे. वेल्समधल्या कार्डिफचा, विशीतला, ट्रिनिटी कॉलेजचा. बोलणं मोजकं, आवाज हळू, स्वभाव बुजरा.

या मुलाची आठवण अँडरसन यांनी पुढे लिहून ठेवली आहे. तो वर्गात असणं शिकवणाऱ्याला धास्तावून टाकणारं होतं, असं ते म्हणतात. फळ्यावरचं प्रत्येक पाऊल बरोबर असावंच लागे. नसेल तर तास संपल्यावर तो जवळ येई आणि चूक कुठे झाली ते समजावून सांगे. भर वर्गात हात वर करणाऱ्यांपैकी तो नव्हता. माणसं पांगली की मग तो पुढे येई.

ही सवय जुनी होती. १९६० साली, पदवीचं शिक्षण सुरू असतानाच, त्यानं एका नामांकित प्रयोगातली त्रुटी दाखवली होती. इंग्लंडमधल्या हार्वेल इथले शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षणामुळे गॅमा किरणांच्या वारंवारतेत होणारा अतिसूक्ष्म फरक मोजत होते. किरण सोडणारा पदार्थ वर, शोषणारा खाली, अशी मांडणी. जोसेफसनच्या लक्षात आलं, की दोन्ही पदार्थांच्या तापमानात जरासा फरक असला तर अणूंची थरथर वेगळी होते आणि तेवढ्यानंच वारंवारता सरकते. एखाद्या अंशाचा फरकसुद्धा जे मोजायचं आहे त्याच्याच तोडीचा घोळ घालू शकतो. त्याचं हे टिपण ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात छापून आलं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. बुजरा असला तरी तो दबणारा नव्हता. हिशेब पक्का झाला की तो बोलत असे, आणि पक्का होईपर्यंत गप्प राहत असे.

अँडरसन यांच्या व्याख्यानांतली जी कल्पना या मुलाच्या डोक्यात रुतून बसली, ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांना आढळलं, की पारा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या जवळ नेला की त्याचा विद्युतरोध एकदम नाहीसा होतो. अशा तारेत एकदा प्रवाह सुरू केला की तो बॅटरीशिवाय वाहतच राहतो. हीच अतिवाहकता. ती का घडते याचं समाधानकारक उत्तर यायला शेहेचाळीस वर्षं लागली. १९५७ मध्ये जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या तिघांनी दाखवलं, की अशा धातूत इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि या सगळ्या जोड्या मिळून एकच सामूहिक लय पकडतात.

पंढरीच्या वाटेवरची दिंडी डोळ्यांसमोर आणा. शेकडो वारकरी, पण टाळांचा ठेका एक. ठेका कुठल्या क्षणी सुरू व्हावा याचा काही नियम नाही. कोणताही क्षण चालला असता. पण एकदा सुरू झाला की सगळे त्याच ठेक्यावर पाऊल टाकतात. अतिवाहकात ठेक्याच्या या जागेला फेज म्हणतात. निसर्गाच्या नियमांना सगळे फेज सारखेच, तरी धातूचा प्रत्येक तुकडा त्यांतला एक निवडतो आणि त्यावर ठाम राहतो. मुळात असलेली समानता अशी मोडते, म्हणून तिला भंगलेली सममिती असं नाव आहे. अँडरसन हेच शिकवत होते.

वर्गातल्या बहुतेकांनी ते उतरवून घेतलं असेल. जोसेफसनला मात्र एक प्रश्न पडला. नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यानं स्वतःच तो सांगितला आहे: ही भंगलेली सममिती प्रयोगात पाहता येईल का?

प्रश्न दिसायला भाबडा आहे. फेज हे समीकरणातलं अक्षर आहे, ते कुणी कुठल्या मापकावर वाचलेलं नव्हतं. एकट्या तुकड्याच्या फेजला मोजण्यासारखा अर्थच नसतो, हेही ठाऊक होतं. दिंडी एकटीच असेल तर तिचा ठेका ‘आधी’ की ‘नंतर’ हे कशाच्या तुलनेत ठरवणार? पण दुसरी दिंडी शेजारून जाऊ लागली, की दोन्ही ठेक्यांमधलं अंतर ऐकू येतं. म्हणजे दोन अतिवाहक एकमेकांच्या अगदी जवळ आणायचे, पण पूर्ण चिकटवायचे नाहीत. चिकटवले तर ते एकच होऊन जातील. फार दूर ठेवले तर एकमेकांची खबरच लागणार नाही. फेजमधला फरक दिसला तर या मधल्या जागेत दिसेल.

तशी जागा नुकतीच तयार झालेली होती. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत इव्हार येव्हर या मूळच्या नॉर्वेजियन अभियंत्यानं १९६० मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी घेतली, हवेत तिच्यावर ऑक्साइडचा थर चढू दिला आणि वरून शिशाची पट्टी आडवी टाकली. मधला थर एका मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या एक-दोन पट, एवढाच. थर विद्युतरोधक, तरीही पुंजयामिकीच्या नियमांमुळे काही इलेक्ट्रॉन तो भेदून पलीकडे जातात. जोसेफसनचे मार्गदर्शक ब्रायन पिपर्ड यांनी त्याचं लक्ष या प्रयोगांकडे वळवलं.

पिपर्ड यांनी आणखी एका गोष्टीचा विचार आधीच करून ठेवला होता. एकट्या इलेक्ट्रॉनऐवजी जोडीच्या जोडी थर ओलांडेल का? त्यांचा हिशेब सरळ होता. समजा, एका इलेक्ट्रॉनची पलीकडे जाण्याची शक्यता लाखात एक आहे. मग दोघांची एकाच वेळी जाण्याची शक्यता लाख गुणिले लाख, म्हणजे हजार कोटींत एक. इतका क्षीण प्रवाह कुणाला दिसणार? नामवंत मार्गदर्शकानं असं सांगितल्यावर बहुतेक विद्यार्थ्यांनी तो विषय सोडून दिला असता, आणि त्यात त्यांची चूकही मानता आली नसती.

जोसेफसननं तो सोडला नाही, पण लगेच वादही घातला नाही. फेजचा फरक समीकरणात कुठे डोकावतो ते तो शोधत राहिला. मग एके दिवशी अँडरसन यांनी त्याला शिकागोहून आलेला, अजून न छापलेला एक निबंध दाखवला. कोहेन, फालिकोव्ह आणि फिलिप्स यांचा. थराच्या एका बाजूला साधा धातू आणि दुसऱ्या बाजूला अतिवाहक असताना प्रवाह कसा काढायचा, याची सोपी रीत त्यात होती. जोसेफसननं तीच रीत दोन्ही बाजूंना अतिवाहक धरून वापरली.

हिशेबातून त्याला अपेक्षित असलेला साधा प्रवाह मिळाला. सोबत एक अनोळखी पद मिळालं. ते सांगत होतं, की दोन्ही तुकड्यांच्या फेजमध्ये फरक असेल तर बॅटरी न लावताही थरातून प्रवाह वाहील. जोड्या पलीकडे जातील, व्होल्टेज शून्य असताना! आणि हा प्रवाह क्षीण नव्हता. येव्हरच्या प्रयोगात दिसणाऱ्या साध्या प्रवाहाच्याच तोडीचा होता.

पिपर्ड यांच्या हिशेबात गफलत कुठे होती, तेही यातून उलगडतं. दोन अनोळखी इलेक्ट्रॉन योगायोगानं एकाच क्षणी थर ओलांडतील, असं त्यात गृहीत धरलं होतं. पण जोडीतले इलेक्ट्रॉन अनोळखी नसतात. एकाच लयीतल्या त्या एकाच घटकाचा प्रवास असतो, म्हणून दोन शक्यतांचा गुणाकार इथे लागूच पडत नाही.

आज हे दोन वाक्यांत सांगता येतं. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या मुलाला आपलाच निकाल खटकत होता. उत्तर फार मोठं आलं हीच त्याची पंचाईत होती. आपण कुठेही चुकलेलो नाही, हे स्वतःला पटवायला त्याला काही दिवस लागले. मग तो कागद घेऊन अँडरसन यांच्याकडे गेला. अँडरसन यांनी लिहिलं आहे, की एव्हाना या मुलाची इतकी ओळख झाली होती, की त्यानं दुसरं काहीही सांगितलं असतं तर ते न तपासता मानलं असतं. पण या वेळी तोच साशंक दिसत होता, म्हणून त्यांनी एक संध्याकाळ घालवून त्यातलं एक पद स्वतः ताडून पाहिलं. ते बरोबर निघालं.

या भेटीपाशी थोडं थांबावंसं वाटतं. पाहुण्यांसमोर नेलेल्या प्रश्नाचे प्रकार असतात. काही प्रश्न आपण किती वाचलंय ते दाखवायला विचारले जातात. काही व्याख्यानातलंच वाक्य पुन्हा ऐकायला विचारले जातात. जोसेफसननं नेलेल्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर असू शकत होतं आणि ते पाहुण्यांनी द्यायचं नव्हतं, प्रयोगानं द्यायचं होतं. शिवाय तो कोरा नव्हता. सोबत हिशेब होता, त्यातली शंकेची जागा ठाऊक होती, आणि तपासून पाहणाऱ्याला नेमकं कुठे बोट ठेवायचं ते कळत होतं. पाहुण्याची एक संध्याकाळ मागण्याचा हक्क त्या तयारीनं मिळवला होता.

निबंध ‘फिजिक्स लेटर्स’ या नव्यानंच सुरू झालेल्या नियतकालिकात जुलै १९६२ मध्ये आला. त्यात आणखी एक भाकीत होतं. थराच्या दोन बाजूंना स्थिर व्होल्टेज लावलं तर एकाच दिशेचा प्रवाह मिळणार नाही, तो मागेपुढे हेलकावे खाईल. एक मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग लावला, तर सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख हेलकावे. हा आकडा धातू कोणता, थर किती जाड, यावर अवलंबून नव्हता. फक्त इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लँकचा स्थिरांक यांवरून तो ठरत होता.

आता खरी कसोटी आली. त्याच उन्हाळ्यात जॉन बार्डीन यांनी आपल्या एका निबंधात जादा टीप घालून या भाकिताला हरकत घेतली. बार्डीन म्हणजे अतिवाहकतेचा सिद्धान्त मांडणाऱ्या तिघांतले ज्येष्ठ. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ चं नोबेल त्यांना मिळालेलं होतं आणि दहा वर्षांनंतर, १९७२ मध्ये, अतिवाहकतेसाठी दुसरं मिळणार होतं. भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालेला दुसरा माणूस आजवर झालेला नाही. त्यांचं म्हणणं असं होतं, की इलेक्ट्रॉनांची जोडी धातूत टिकते, विद्युतरोधक थरात टिकत नाही. मग जोडी म्हणून ती थर ओलांडेल कशी?

सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात अतिशीत तापमानाच्या भौतिकशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे दोघं समोरासमोर आले. एका बाजूला विषयाचा सर्वांत मोठा अधिकारी, दुसऱ्या बाजूला पीएच.डी. अजून हातात न पडलेला विद्यार्थी. योगायोग असा, की बार्डीनही कमी बोलणारे आणि हळू आवाजाचे म्हणूनच प्रसिद्ध होते. त्यामुळे वाद चढ्या सुरात झाला नाही. जोसेफसननं आपला सिद्धान्त मांडला. बार्डीन यांनी आपली हरकत मांडली. ती मांडत असताना जोसेफसननं त्यांना मध्येच थांबवून उत्तर दिलं. पुन्हा हरकत, पुन्हा उत्तर. तास संपेपर्यंत वाट पाहणारा हा मुलगा भरल्या सभेत नोबेल विजेत्याचं बोलणं तोडत होता, तेही शांतपणे.

त्याचा स्वभाव एका उन्हाळ्यात पालटला असेल असं वाटत नाही. पण बार्डीन ज्या मुद्द्यावर बोट ठेवत होते, त्या मुद्द्यापाशी तो कित्येक दिवस आधी एकटा बसून आला होता. जोडी थरात मुक्काम करत नाही हे त्यालाही मान्य होतं. दोन्ही बाजूंच्या लयी एकमेकींना जाणवतील इतका थर पातळ असला की पुरे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्या दिवशी सभेत निकाल लागला नाही.

तो प्रयोगातच लागणार होता, आणि पहिला प्रयोग फसला. जोसेफसननं केंब्रिजमध्ये स्वतः मोजून पाहिलं. प्रवाह दिसला नाही. सिद्धान्तानं सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही काही मिळालं नाही. दुसरा कुणी असता तर बार्डीन बरोबर होते असं समजून गप्प बसला असता. कारण अँडरसन यांना सापडलं. तोवर ते बेल प्रयोगशाळेत परतले होते. हा प्रवाह एका मर्यादेपर्यंतच टिकतो. थर जरा जाड असला की ती मर्यादा इतकी खाली येते, की मापकाच्या तारांतून शिरणारा विजेचा किरकोळ गोंगाटही ती ओलांडतो आणि परिणाम पुसून टाकतो. उपाय सोपा होता. थर अधिक पातळ करायचा, म्हणजे त्याचा रोध कमी होऊन प्रवाहाची मर्यादा वर जाईल.

बेल प्रयोगशाळेतले जॉन रॉवेल असे थर बनवण्यात तरबेज होते. त्यांनी कथिल आणि शिसं यांच्यामध्ये पातळ थर ठेवून मोजलं, आणि व्होल्टेज शून्य असताना प्रवाह दिसला. पण एवढ्यानं भागत नव्हतं. असा प्रवाह येव्हर आणि इतरांनाही पूर्वी दिसलेला होता. थरात कुठेतरी बारीक भोक राहिलं असेल, दोन्ही धातू एकमेकांना टेकले असतील, असं समजून ते नमुने त्यांनी बाद केले होते. मग हे भोक नाही, फेजचाच परिणाम आहे, हे ओळखायचं कसं?

चुंबकीय क्षेत्रानं. भोकातून वाहणाऱ्या प्रवाहाला दुबळ्या चुंबकीय क्षेत्राची फिकीर नसते. फेजवर चालणाऱ्या प्रवाहाचं तसं नाही. चुंबकीय क्षेत्रामुळे थराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेजचा फरक बदलत जातो, काही भागात प्रवाह इकडून तिकडे आणि काही भागात तिकडून इकडे वाहू लागतो, आणि बेरीज घटते. रॉवेल यांच्या नमुन्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राइतकं क्षीण क्षेत्रसुद्धा प्रवाह कमी करत होतं. १९६३ च्या मार्चमध्ये अँडरसन आणि रॉवेल यांचा निबंध छापून आला. शीर्षकात त्यांनी ‘बहुधा’ असा शब्द ठेवला. त्याच वर्षी रॉवेल यांनी दाखवलं, की क्षेत्र वाढवत नेलं की प्रवाह शून्यावर येतो, पुन्हा थोडा वाढतो, पुन्हा शून्यावर येतो. एका फटीतून गेलेला प्रकाश पडद्यावर उजेड-अंधाराचे जसे पट्टे पाडतो, अगदी तोच आलेख. भोक असा आलेख देऊच शकत नाही. बार्डीन यांनी हरकत मागे घेतली.

१९७३ साली येव्हर, लिओ एसाकी आणि ब्रायन जोसेफसन यांना नोबेल मिळालं, तेव्हा जोसेफसन ३३ वर्षांचे होते. त्या पातळ थराला आता जगभर जोसेफसन जंक्शन म्हणतात. १९६४ मध्ये अशी दोन जंक्शनं एका कड्यात बसवून स्क्विड नावाचा चुंबकमापक तयार झाला. तो इतका संवेदनशील आहे, की माणसाच्या मेंदूतल्या विद्युत हालचालींमुळे डोक्याबाहेर उमटणारं चुंबकीय क्षेत्रही पकडतो. सेकंदाला ४८ कोटी ३६ लाख हेलकाव्यांचा आकडा कोणत्याही धातूत तोच राहतो, म्हणून देशोदेशीच्या मापनसंस्था व्होल्ट हे एककच त्यावरून पडताळतात. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही त्यासाठी जोसेफसन व्होल्टेज मानक आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुंजसंगणकासाठी अतिवाहक क्युबिट बनवले जातात, त्यांच्या पोटातही हेच जंक्शन असतं.

पिपर्ड यांच्या केंब्रिजच्या गटात, जोसेफसनच्या पाठोपाठ, जॉन क्लार्क नावाचा आणखी एक विद्यार्थी आला आणि या जंक्शनांवर काम करू लागला. पुढे कॅलिफोर्नियात, बर्कलीला, त्यांनी मिशेल देव्होरे आणि जॉन मार्टिनिस या तरुण सहकाऱ्यांबरोबर १९८४-८५ मध्ये एक वेगळा प्रश्न प्रयोगाला लावला: इलेक्ट्रॉन थर भेदून जातो हे ठीक, पण अब्जावधी इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक लयीतलं ते अंतर, जोसेफसननं पहायला घेतलेला तो फेजचा फरकच, एखाद्या कणासारखा अडथळा भेदून पलीकडे जाईल का? उत्तर ‘हो’ असं आलं, आणि २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या तिघांना मिळालं.